Non-followers ५८ वरून ७९ टक्के, तर नवी माणसं खरंच वाढली का?

गच्चीवरून

नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या बागेचं इन्स्टाग्राम खातं चालवते. सगळं मराठीत, पुण्याच्या हवेला धरून. फॉलोअर ४,२००. बियाणं आणि गांडूळखताच्या लहान पिशव्याही विकते, म्हणून नवी माणसं येत राहणं माझ्यासाठी महत्त्वाचं आहे.

Professional dashboard मधल्या Views वर टिचकी मारली की फॉलोअर आणि non-followers अशी टक्केवारी दिसते. मे महिन्याच्या ३० दिवसांत एकूण Views ९६,००० होते, त्यातले ५८ टक्के non-followers. आताच्या ३० दिवसांत Views ७१,०००, पण non-followers ७९ टक्के. एकूण आकडा घसरला, पण नव्या माणसांचा वाटा २१ टक्क्यांनी चढला. याचा अर्थ माझे रील आता नव्या लोकांपर्यंत जास्त पोचताहेत, असाच ना? की मी काही चुकीचं वाचतेय?

पराग७२

अभिनंदन ताई! साठच्या वर गेलं की समजायचं अल्गोरिदमला तुमचा कंटेंट आवडला. माझ्या ओळखीतले सगळे हाच ६०-४०चा ठोकताळा वापरतात. आता हॅशटॅग वाढवा, अजून वर जाईल.

मधमाशी

माझा तर याच्या उलट त्रास आहे. मधाचं खातं आहे, ६,००० फॉलोअर, पण रील त्यातल्या ४००-५०० जणांनाच दिसतं. फॉलोअर खोटे असतील का? ते तपासायचं कसं?

तळटीप

गच्चीवरून ताई, आधी टक्के बाजूला ठेवून त्यांचे आकडे करू.

मे: ९६,००० चे ५८ टक्के म्हणजे ५५,६८०. आता: ७१,००० चे ७९ टक्के म्हणजे ५६,०९०. म्हणजे non-followers कडून आलेले व्ह्यू जागचे हललेलेच नाहीत. हललंय ते दुसरं पारडं. फॉलोअरांचे व्ह्यू ४०,३२० होते, ते १४,९१० वर आले. टक्का चढला तो तुमच्या जुन्या माणसांनी पाहणं कमी केल्यामुळे.

या महिन्यात स्टोरी टाकायच्या राहिल्या का? स्टोरी बहुतेक फॉलोअरच पाहतात आणि या Views मध्ये त्याही मोजल्या जातात.

पराग, ६०-४०चा नियम याच कारणाने फसतो. नुसत्या स्टोरी बंद केल्या तरी एखादं खातं साठच्या वर जाऊ शकतं.

गच्चीवरून

अगदी बरोबर! मेमध्ये रोज एक स्टोरी असायची, प्रत्येकीला ८००च्या आसपास व्ह्यू. जूनमध्ये पावसाळ्याची रोपं लावण्याच्या गडबडीत एकही टाकली नाही. ८०० गुणिले ३० केले तर २४,०००. फॉलोअरांचे जे २५,००० व्ह्यू कमी झाले, ते जवळजवळ सगळे हेच.

म्हणजे नवी माणसं वाढलीही नाहीत आणि घटलीही नाहीत, असं धरू?

तळटीप

एवढ्यात नको. ५६,०९० मध्ये काय काय मिसळलंय ते अजून कळायचंय. या ३० दिवसांत कुठलं रील बूस्ट केलंत का? कोणाबरोबर कोलॅब? आणि एखादं रील एकदम उडालं का? प्रत्येक रील उघडून त्याचे Views, त्यातला non-followers चा टक्का आणि खाली Follows चा आकडा असतो, तेवढे तीन इथे लिहा. मेमधलं सगळ्यात मोठं रीलही लिहा.

मधमाशी, तुमचा प्रश्न वेगळा आहे. इथे फॉलोअर नसलेल्यांबद्दल चाललंय, तुमची अडचण फॉलोअरांपर्यंत न पोचण्याची. वेगळा धागा काढलात तर लोक नीट लिहितील. तूर्त एवढंच की फक्त पोच कमी आहे म्हणून फॉलोअर खोटे ठरत नाहीत. वर्षानुवर्षं अ‍ॅप न उघडणारी खरी माणसंही त्या ६,००० मध्ये असतात.

गच्चीवरून

लिहून काढलं. नऊ रील होते.

ब्रह्मकमळ उमलतानाचं रील, बोलणं काहीच नाही, मागे सध्या गाजणारं हिंदी गाणं: Views २४,०००, non-followers ९६ टक्के, Follows ११.
एका नर्सरीबरोबर कोलॅब, त्यांचे ३८,००० फॉलोअर: १३,०००, ९१ टक्के, Follows ४६.
गांडूळखताच्या पिशवीचं रील, १,५०० रुपयांचं बूस्ट: ९,५००, ९३ टक्के, Follows ९.
कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात: ८,२००, ६१ टक्के, Follows ६३.
बाकीचे पाच रील आणि जुन्या पोस्ट मिळून उरलेले १६,३००. त्या पाचांचे Follows २१.

मेमध्ये बूस्ट नाही, कोलॅबही नाही. सगळ्यात मोठं रील आंब्याच्या कोयीपासून रोप करण्याचं होतं: ३८,०००, ८८ टक्के, Follows १८७.

तळटीप

ही खरी उपयोगी माहिती. आता चाळणी लावू.

बूस्टच्या रीलवरचे non-followers चे व्ह्यू ८,८३५. त्यातले बहुतेक पैसे देऊन आलेले. बूस्टचा निकाल त्याच पोस्टवर वेगळा दिसतो, त्यात जाहिरातीतून किती आणि आपसूक किती ते कळतं. सोयीसाठी मी सगळेच वगळतो. जाहिरात दाखवायचं काम पैशांनी केलं, रीलच्या गुणाने नाही, म्हणून तो आकडा आपल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

कोलॅबचे ११,८३०. कोलॅब रील दोन्ही खात्यांच्या फॉलोअरांसमोर जातं. नर्सरीचे ३८,००० लोक तुमच्या हिशेबात non-followers, पण ते नर्सरीच्या ओळखीने आले. माणसं नवी आहेत हे खरं, पण तुमच्या रीलने ती शोधून आणलेली नाहीत. यांचा रकाना वेगळा ठेवा.

५६,०९० मधून दोन्ही वजा केले की ३५,४२५ उरतात. मेमध्ये वजा करण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा तिथे पूर्ण ५५,६८०. म्हणजे तुमच्या रीलनी स्वतःहून गाठलेले non-followers चे व्ह्यू एक तृतीयांशाहून जास्त घटलेत, आणि टक्केवारी मात्र ५८ वरून ७९ झालीय.

आता दोन्ही महिन्यांतलं सगळ्यात मोठं रील बाजूला काढा, कारण एखादं उडालेलं रील महिन्याचं चित्र झाकून टाकतं. मेमधून आंब्याचे ३३,४४० गेले की २२,२४० राहतात. जूनमधून ब्रह्मकमळाचे २३,०४० गेले की १२,३८५. तुमच्या रोजच्या कामाची बाहेरच्या लोकांपर्यंतची पोच ही एवढी.

रेवती_म

हिशेब पटला, पण शेवटच्या तुलनेवर शंका आहे. मेमध्ये शाळांना सुट्टी, घराघरांत आंबा. जूनमध्ये शाळा सुरू, पाऊस सुरू. बागेचा विषय ऋतूने चालतो. २२ हजारांवरून १२ हजार हे कंटेंटमुळे की हंगामामुळे, हे दोन महिन्यांवरून कसं ठरवणार?

तळटीप

नाहीच ठरवता येणार. गेल्या वर्षीचा जून हवा होता आणि अ‍ॅपमध्ये तारखा मागच्या ९० दिवसांतल्याच निवडता येतात. म्हणून दर सोमवारी वहीत किंवा शीटमध्ये आकडे उतरवून ठेवायचे. ताईंनी आता सुरुवात केली तर पुढच्या जूनला याचं उत्तर मिळेल.

पराग७२

बरं, ६०-४० मागे घेतो. पण हॅशटॅगचं काय? आणि non-followers पर्यंत जायचं तर वॉच टाइम लागतो, हे तरी खरं ना?

रेवती_म

वॉच टाइमचं खरं आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन मोठे निकष सांगितले होते: किती वेळ पाहिलं, किती लाइक, आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. त्यात एक बारकावा या धाग्याच्या कामाचा आहे. फॉलोअरांपर्यंत जाताना लाइकचं वजन थोडं जास्त, आणि फॉलोअर नसलेल्यांपर्यंत जाताना पाठवण्याचं जास्त. हॅशटॅगने पोच फारशी वाढत नाही, असंही त्यांनीच सांगितलंय. हॅशटॅगमुळे रील कशाबद्दल आहे एवढं कळतं.

त्यामुळे ताई, प्रत्येक रीलखाली कागदी विमानाच्या खुणेशेजारी असलेला आकडाही उतरवून घ्या. त्याला Accounts reached ने भागायचं. नुसता आकडा मोठ्या रीलचा मोठाच दिसणार.

कोथिंबीर

+१. कढीपत्त्याचं रील मला बहिणीने पाठवलं होतं बहुतेक, पिवळ्या पानाची शीर जवळून दाखवलेलं तेच का? कोवळ्या पानात शिरांमधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी, असं त्यात होतं.

गच्चीवरून

हो, तेच ते! आणि आत्ता बघितलं तर ते ४१० जणांनी पुढे पाठवलंय. Accounts reached ६,१००. ब्रह्मकमळाला Accounts reached १९,५०० आणि पाठवलंय २९० जणांनी.

तळटीप

शंभरात जवळजवळ सात विरुद्ध दीड.

आता Follows ला non-followers च्या व्ह्यूंनी भागू. दर हजारी बघा: ब्रह्मकमळ अर्धा, बूस्ट एक, बाकीची रील जवळपास तीन, कोलॅब चार, आंबा साडेपाच, कढीपत्ता साडेबारा. जूनच्या चार मोठ्या रीलांत व्ह्यू आणि टक्केवारी दोन्ही सगळ्यात कमी असलेल्या कढीपत्त्यानेच सगळ्यात जास्त माणसं आणली.

एक सावधगिरी. टक्केवारी रीलच्या वयाबरोबर बदलते. सुरुवातीला बहुधा फॉलोअरांचा वाटा मोठा असतो, चाललं तर बाहेरचे येत जातात. कढीपत्त्याचे ६१ टक्के आणि परवाच टाकलेल्या एखाद्या रीलचे, समजा, ३५ टक्के यांची तुलना करू नका. सगळी रील टाकल्यापासून सातव्या दिवशी मोजा, मग ती एका रांगेत बसतात.

गच्चीवरून

कढीपत्त्याच्या पहिल्या दिवसाचा स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. तेव्हा non-followers २८ टक्के होते. मी तर त्याला पडलेलं रील समजले होते.

एडिसनची_सुगरण

मी न्यूजर्सीत राहते, एडिसनमध्ये, घरून पुरणपोळी आणि उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेते. माझे non-followers ७०-७५ टक्के असतात आणि Follows ही बऱ्यापैकी येतात, तुमच्या कढीपत्त्याएवढे. तरी ऑर्डर वाढत नाहीत. म्हणजे हे गणित माझ्याकडे चालत नाहीये का?

रेवती_म

गणित चालतंय, फक्त तुमच्यासाठी 'नवा माणूस' म्हणजे गाडीने येऊन डबा नेऊ शकणारा माणूस. रील उघडून खाली Audience मध्ये देश बघा. मराठी बोलून मोदकाची कळी दाखवलीत तर ते भारतात धावणारच. भारत ८० टक्के असेल तर तुमच्या ७५ मधले बहुतेक पुण्या-मुंबईचे, त्यांना तुम्ही पोचवणार कसं? मग खात्याच्या पातळीवर शहरांची यादी असते ती पाहा. त्यात एडिसन आणि आसपासची गावं किती वर येतात, तेवढाच आकडा दर आठवड्याला लिहा.

एडिसनची_सुगरण

पाहिलं. भारत ८४ टक्के. शहरांत पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर. एडिसन यादीत नाहीच. आता कळलं.

रीलवर लोकेशन टाकून आणि "शनिवारी एडिसनमध्ये डबा न्यायला या" असं पहिल्याच वाक्यात म्हणून बघते.

गच्चीवरून

शहरांची यादी मीही पाहिली. ब्रह्मकमळाच्या आठवड्यापुरत्या तारखा निवडल्या तर दिल्ली आणि लखनौ पुण्याच्या वर. त्या आधीच्या आठवड्यात पुणे, मुंबई, पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर.

तळटीप

बोलणं नव्हतं, म्हणून ते भाषेबाहेर गेलं. फूल पाहायला मराठी लागत नाही. ते २३,००० व्ह्यू खरे आहेत, माणसंही नवी आहेत, पण त्यातले बरेच जण तुमचं पुढचं रील समजूही शकणार नाहीत.

कोथिंबीर

मग ते रील काढून टाकावं का? कुठेतरी ऐकलं होतं की चुकीचे लोक जमले की पुढच्या रीलची सुरुवातच खराब होते.

रेवती_म

मी काढलं असतं. मराठी न कळणारे फॉलोअर पुढचं रील दोन सेकंदांत सरकवणार आणि त्याची शिक्षा पुढच्या रीलला.

तळटीप

ती भीती शेकड्यांनी आले असते तर समजली असती. इथे ४,२०० मध्ये ११ जण. त्यांनी काय बिघडणार? आणि सगळे ११ अमराठी असतील असंही नाही, एखाद्या मराठी बागवाल्यालाही ब्रह्मकमळ आवडेल. काढायचं कारण मला दिसत नाही. तसं पुन्हा करायचं असेल तर पहिल्या तीन सेकंदांत मराठीत बोला, म्हणजे गाळणी तिथेच लागते.

रेवती_म

यावर आपलं एकमत होणार नाही, राहू दे.

मोडी_वाचक

मुळातला एक प्रश्न सुटतोय. फॉलोअर नसलेला म्हणजे नवा, हे कोणी ठरवलं? माझं मोडी लिपीचं खातं आहे, ११०० फॉलोअर. कमेंटमध्ये तीच तीच नावं दिसतात, महिनोन् महिने येतात, जुने दस्तऐवज वाचायला पाठवतात, पण फॉलो करत नाहीत. इन्स्टाग्राम त्यांना प्रत्येक वेळी non-followers मध्येच धरणार.

तळटीप

हा धाग्यातला सगळ्यात अवघड भाग, बरं झालं काढलात. इन्स्टाग्राम नवे आणि परतलेले असा भेद दाखवत नाही. यूट्यूबवर प्रेक्षकांच्या पानावर नवे प्रेक्षक वेगळे मिळतात, तिथेही इतिहास पुसून किंवा खासगी खिडकीतून पाहणारा जुना माणूस नवाच मोजला जातो. इन्स्टाग्रामवर अंदाज करावा लागतो, पण बऱ्यापैकी होतो. त्यासाठी Views नको, Accounts reached घ्यायचं. २०२४ पासून Views हा मुख्य आकडा केल्यामुळे वर तोच ठळक दिसतो, पण एकच माणूस तीनदा पाहील तर तीन Views होतात. Accounts reached मध्ये ते खातं एकदाच मोजलं जातं.

युक्ती अशी. तारखा निवडून लागोपाठ चार आठवड्यांचे Accounts reached वेगवेगळे लिहा, मग त्याच पूर्ण २८ दिवसांचं एकत्र घ्या. दर आठवड्याला वेगळीच माणसं आली असतील तर चार आठवड्यांची बेरीज आणि २८ दिवसांचा आकडा जवळजवळ सारखे येतील. तीच माणसं परत आली असतील तर बेरीज खूप मोठी होईल, कारण एक माणूस चार आठवड्यांत चारदा मोजला गेला आणि २८ दिवसांत एकदाच. हा आकडा अंदाजे असतो आणि एका माणसाची दोन खाती दोन मोजली जातात, तेव्हा शे-दोनशेच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका.

मोडी_वाचक

माझे: ५,४००, ४,९००, ५,६००, ५,१००. बेरीज २१,०००. पूर्ण २८ दिवस: ९,५००.

तळटीप

तुमचं म्हणणं तुमच्याच आकड्यांनी सिद्ध केलंत. समजा सगळे ११०० फॉलोअर दर आठवड्याला आले, तरी चार आठवड्यांत त्यांचे ४,४०० होतात. उरले १६,६०० फॉलोअर नसलेल्यांचे. आणि २८ दिवसांत वेगळी खाती आहेतच ९,५००. म्हणजे फॉलोअर नसलेला माणूस चारपैकी सरासरी पावणेदोन आठवडे तरी तुमच्याकडे येतोय, बहुधा त्याहून जास्त. तुमचे non-followers बऱ्याच प्रमाणात जुनेच वाचक आहेत.

मोडी_वाचक

मग टक्केवारी बघून मी "नवे लोक येताहेत" म्हणत होतो ते चूकच होतं. पण हे वाईट आहे असं मला वाटत नाही. मोडी शिकणारा फॉलो न करताही टिकला तर माझं काम झालं.

रेवती_म

तुमच्यासाठी नाही वाईट. ताईंसारखं ज्याला पुढच्या महिन्यात बियाणं विकायचंय, त्याला मात्र तेच लोक फिरून येताहेत हे कळायला हवं.

गच्चीवरून

मीही केलं. चार आठवडे: ६,८००, ९,१००, १४,२००, ७,१००. बेरीज ३७,२००. पूर्ण २८ दिवस: ३२,६००.

तळटीप

फरक फक्त ४,६००. तुमचे साधारण २,००० फॉलोअर दर आठवड्याला पाहत असतील, तर बहुतेक तेच ते लोक असल्यामुळे एवढा फरक त्यांच्यामुळेच पडेल. फॉलोअर नसलेले जवळजवळ कोणी परत आलेले नाहीत.

आणखी एक तळाची मर्यादा काढता येते. आता तुमचे फॉलोअर ४,३०० झाले असतील. सगळ्यांनी पाहिलं असं धरलं तरी ३२,६०० वजा ४,३०० म्हणजे किमान २८,३०० खाती फॉलोअर नसलेली. तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, माणसं खरोखर नवी आहेत, मोडी_वाचकांपेक्षा कितीतरी जास्त नवी. पण आली आणि गेली. १४,२०० चा आठवडा ब्रह्मकमळाचा, आणि पुढच्या आठवड्यात आकडा थेट ७,१०० वर. त्या फुलासाठी आलेल्यांपैकी कोणी मागे वळून आलेलं दिसत नाही.

पराग७२

कोलॅबबद्दल एक. नर्सरीच्या पडद्यावर त्याच रीलचा non-followers टक्का वेगळा दिसत असेल ना? त्यांच्या हिशेबात ताईंचे फॉलोअर बाहेरचे.

तळटीप

चांगला मुद्दा आहे. ताई, नर्सरीवाल्यांना स्क्रीनशॉट मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. तुमच्याकडे ९१ असताना त्यांच्याकडे टक्का बराच कमी असेल, तर ते रील मुख्यतः त्यांच्याच माणसांत फिरलं. त्यांच्याकडेही मोठा असेल तर ते दोघांच्याही कुंपणाबाहेर गेलं, आणि मग मी ते उगाच वगळलं असं म्हणावं लागेल.

गच्चीवरून

मागते. आता पुढे काय करू? कढीपत्त्यासारखेच विषय घेणार आहे: मिरचीची पानं आखडणं, लिंबाची फुलं गळणं. पण ते फॉलोअरांना दाखवायच्या आधी बाहेरच्या लोकांवर तपासता येतं का?

रेवती_म

ट्रायल रील वापरा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली सोय आहे. शेअर करायच्या पडद्यावर Trial चालू केलं की रील आधी फक्त फॉलोअर नसलेल्यांना दाखवलं जातं, तुमच्या प्रोफाइलवरही दिसत नाही. साधारण २४ तासांनी आकडे कळू लागतात. पहिल्या ७२ तासांत चांगलं चाललं तर आपोआप सगळ्यांना दाखवायचं, असाही पर्याय तिथेच आहे. पहिल्यांदा तो बंद ठेवा, नाहीतर मध्येच फॉलोअर मिसळतात आणि तपासणी बिघडते.

मिरचीच्या रीलच्या दोन सुरुवाती करा. एकात आखडलेलं पान उलटून खालचे थ्रिप्स भिंगातून दाखवा, दुसऱ्यात तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून प्रश्न विचारा. बाकी सगळं सारखं. दोन्ही ट्रायल, दोन वेगळ्या दिवशी, एकाच वेळी संध्याकाळी. सगळे पाहणारे बाहेरचेच असल्यामुळे इथे टक्केवारीची भानगडच नाही. किती जणांनी पहिल्या तीन सेकंदांनंतर पाहिलं आणि किती जणांनी पाठवलं, एवढंच बघा.

तळटीप

त्यात एक गळती आहे. कोणी मेसेजमधून पाठवलं, किंवा त्याच गाण्याच्या पानावर सापडलं, तर फॉलोअरांनाही ट्रायल रील दिसू शकतं. म्हणून गाजणारं गाणं लावू नका, स्वतःचा आवाज ठेवा. आणि व्ह्यू हजाराच्या आत असतील तर दोन सुरुवातींमधला फरक नशिबाचाही असू शकतो.

कोथिंबीर

लिंबाच्या फुलांचं आधी करा ना ताई, आमच्याकडे रोज ढीगभर गळताहेत.

गच्चीवरून

करते. आजपासून शीट सुरू केलं. दर सोमवारी पाच रकाने: non-followers चे व्ह्यू आकड्यात, त्यातून बूस्ट आणि कोलॅब वजा करून, Follows, पाठवलेले, आठवड्याचं Accounts reached, आणि शहरांच्या यादीत पुणे कितवं. स्टोरीही परत सुरू करते. त्याने टक्का खाली येईल हे आता माहीत आहे.

नर्सरीचा स्क्रीनशॉट आत्ताच आला. त्यांच्याकडे त्याच रीलवर non-followers ३४ टक्के.

तळटीप

मग वगळलं ते ठीकच झालं.